दहा वर्षांनी वर्गमित्राला रेफरलसाठी मेसेज करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेज सुटून दहा वर्षं झाली. ज्याच्याशी तेव्हापासून बोलणं नाही, असा एक वर्गमित्र नेमका त्या कंपनीत आहे जिथे आपल्याला अर्ज करायचा आहे. त्याला काय लिहावं, कसं लिहावं, हे भरतीच्या कामात असल्यामुळे मला सतत विचारलं जातं. बहुतेक प्रश्न करिअरमध्ये खंड पडलेल्या मैत्रिणींचे असतात, म्हणून खालचं उदाहरणही तसंच घेतलं आहे. त्यातली वैशाली, निखिल आणि स्नेहल ही नावं फक्त उदाहरणापुरती आहेत.

इतक्या वर्षांनी एकदम काम सांगायचं? आधी चार दिवस गप्पा मारून मग विषय काढला तर बरं नाही का?

नाही. काम पहिल्याच मेसेजमध्ये सांगा. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा.

गप्पा मारून मग विषय काढण्यामागे हेतू चांगलाच असतो. एकदम काम सांगितलं तर आपण स्वार्थी वाटू, अशी धास्ती असते. पण समोरच्याच्या बाजूने बघा. मंगळवारी "हाय, ओळखलंस का?" असा मेसेज येतो. तो खुश होतो, जुने फोटो शोधतो, मुलीचे फोटो पाठवतो, वर्गातल्या चार जणांची खबरबात सांगतो. शुक्रवारी मेसेज येतो, "बरं, तुझ्या कंपनीत काही ओपनिंग आहे का रे?" त्या क्षणी त्याच्या मनात मागच्या तीन दिवसांचा अर्थ बदलतो. गप्पा खऱ्या असतील, पण त्याला त्या कामासाठीच मारल्यासारख्या वाटतात. मनाने भला असेल तर तो काम करेलही, पण पुढच्या वेळी तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं की आधी सावध होईल.

उलट "दहा वर्षांनी लिहितेय आणि कामासाठीच लिहितेय" असं सरळ सांगितलं की तो मोकळा होतो. कशासाठी विचारलं जातंय हे त्याला कळलेलं असतं. त्यानंतर त्याने गप्पा मारल्या, तर त्या मनापासून मारलेल्या असतात.

आणखी एक व्यवहाराची बाजू. "ओळखलंस का?" या प्रश्नाला उत्तर देणं हेच मुळात अवघड आहे. नाही म्हणायची लाज वाटते, हो म्हणावं तर पुढे काय येणार ठाऊक नसतं. असे मेसेज लोक "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवतात आणि ते तसेच खाली जातात.

रेफरल मागतो म्हणजे नेमकं काय मागतो?

हे आधी स्वतःला नीट माहीत हवं, कारण मागणी किती मोठी आहे त्यावर शब्द ठरतात. "माझं तुझ्या कंपनीत काहीतरी कर" ही मागणी अवाढव्य आहे. तिला धड हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. "या एका जागेसाठी माझा सीव्ही तुझ्या पोर्टलवर टाकशील का?" हे पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ते साधारण असं चालतं. कर्मचारी आतल्या पोर्टलवर जातो, जागा निवडतो, उमेदवाराचं नाव, ईमेल आणि मोबाइल नंबर भरतो, सीव्हीची पीडीएफ जोडतो. उमेदवाराला कसं ओळखता, हे तिथे विचारलेलं असतं: सोबत काम केलंय, सोबत शिकलोय, की नुसती ओळख आहे. त्यानंतर अनेक ठिकाणी उमेदवाराच्या ईमेलवर एक लिंक येते आणि पुढचा अर्ज त्या लिंकवरूनच पुरा करावा लागतो.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे क्रम. तुम्ही आधीच कंपनीच्या साइटवर स्वतः अर्ज केला असेल किंवा एखाद्या कन्सल्टन्सीने तुमचा सीव्ही तिथे पाठवला असेल, तर पुष्कळ ठिकाणी तुमची नोंद आधीपासून असल्याचं दिसतं आणि रेफरल त्या अर्जाला लागत नाही. काही कंपन्यांत ही अडचण पुढचे काही महिने राहते. म्हणून रेफरल मागायचा असेल तर अर्ज करण्याआधी मागावा, आणि अर्ज केलेला नाही हे मेसेजमध्ये स्पष्ट लिहावं. आधीच केला असेल तर तेही लिहावं. मित्राने वेळ काढून फॉर्म भरला आणि शेवटी एरर आला, तर त्याची चूक नसताना त्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मर्यादा. रेफरलमुळे सीव्ही कुणाच्या तरी नजरेखालून जाण्याची शक्यता वाढते. निवड ठरवणारे वेगळे असतात, बहुतेकदा तुमचा मित्र त्या टीममध्येही नसतो. त्याच्याकडे हेच मागायचं आहे: सीव्ही आत पोचवणं. "साहेबांशी बोल", "जरा जोर लाव" हे शब्द मेसेजमध्ये येऊच देऊ नका.

एखादा पूर्ण मेसेज दाखवा ना.

प्रसंग असा. वैशालीने सांगलीच्या बाजूच्या एका कॉलेजातून 2015 मध्ये ई अँड टीसीची पदवी घेतली. 2016 ते 2021 पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी केली. मग बाळंतपण आणि पाठोपाठ सासूबाईंचं आजारपण, यामुळे नोकरी सोडली. आता 2025 मध्ये तिला परत सुरुवात करायची आहे. निखिल तिच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये होता. बोलणं बेताचं, पण भांडण वगैरे कधी नव्हतं. तो हिंजवडीत ज्या कंपनीत आहे, तिथे टेस्टिंगची एक जागा तिला दिसली.

तिचा पहिला खर्डा असा होता:

"हाय निखिल, ओळखलंस का? मी वैशाली. खूप वर्षं झाली ना. कसा आहेस? घरी सगळे कसे आहेत? तुझं खूप छान चाललंय असं ऐकलं, अभिनंदन. खरं तर तुला मेसेज करायला खूप संकोच वाटतोय, इतक्या वर्षांत कधी फोन केला नाही आणि आता कामासाठी करतेय, राग मानू नकोस. माझं चार वर्षं घरीच गेलं, तुला काय सांगू. आता काहीतरी करावंसं वाटतंय. तुझ्या कंपनीत माझ्यासारखीला काही होईल का? प्लीज बघ ना, खूप गरज आहे."

यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि वाचताना कळवळा येतो. पण निखिलने करायचं काय? कोणती वैशाली हे त्याला आठवायला हवं (त्या वर्गात दोन होत्या), तिला कसलं काम येतं हे विचारायला हवं, कंपनीत कुठली जागा आहे हे शोधायला हवं, आणि एवढं करून नाही म्हणायची वेळ आली तर "खूप गरज आहे" हे वाक्य आडवं येणार. संकोचाची तीन वाक्यं वाचल्यावर तिची समजूत काढणं हेही त्याचंच काम होऊन बसतं.

तिने शेवटी पाठवलेला मेसेज असा:

"निखिल, मी वैशाली, ई अँड टीसी 2015. मायक्रोकंट्रोलरच्या प्रॅक्टिकलला खिडकीजवळच्या टेबलावर आपण चौघं असायचो, 8051 चा तो किट सारखा रीसेट व्हायचा. तुझा नंबर स्नेहलने दिला.

दहा वर्षांनी लिहितेय आणि एका कामासाठी लिहितेय, ते आधीच सांगते. तुमच्या कंपनीत क्यूए इंजिनिअरची जागा निघाली आहे, पुणे, जॉब आयडी 10482. मी 2016 ते 2021 टेस्टिंगमध्ये होते. मग घरच्या जबाबदारीमुळे चार वर्षं थांबले, आता परत सुरू करतेय. तिथे मी अजून अर्ज केलेला नाही. या जागेसाठी तू माझा रेफरल टाकू शकशील का?

हो असेल तर सीव्ही आणि लागणारी सगळी माहिती एकदमच पाठवते. आपण सोबत काम केलेलं नाही, त्यामुळे फक्त वर्गमैत्रीण म्हणून टाकलास तरी पुरे. नियमात बसत नसेल किंवा आत्ता जमत नसेल तर 'नाही जमणार' एवढंच लिही, मला वाईट वाटणार नाही. जागा 20 तारखेपर्यंत खुली आहे, म्हणून 15 पर्यंत वाट बघून मी साइटवरून अर्ज करेन.

तू हिंजवडीतच असतोस ना? घरी सगळ्यांना नमस्कार."

बघा, पहिल्या परिच्छेदात ती कोण, कुठली आणि नंबर कुठून मिळाला हे आलं. दुसऱ्यात जागा, तिचा अनुभव, खंड, अर्जाची स्थिती आणि एकच प्रश्न. तिसऱ्यात नकाराची वाट आहे.

या मेसेजमध्ये मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 15 तारखेचं वाक्य. वरवर ती मुदत वाटते, पण ती निखिलवर नाही, वैशालीने स्वतःवर घातलेली आहे. त्याने उत्तर दिलं नाही तरी तिचा अर्ज जाणारच आहे. त्यामुळे तिचं सगळं आपल्यावरच अवलंबून आहे, असं ओझं त्याच्या डोक्यावर येत नाही. आणि हो म्हणायचं असेल तर कधीपर्यंत म्हणायला हवं, हेही त्याला कळतं.

"वर्गमैत्रीण म्हणून टाकलास तरी पुरे" हे वाक्यही विचार करून घातलेलं आहे. प्रामाणिक माणसाला नेमकी हीच अडचण असते: हिचं काम मी पाहिलेलं नाही, मग हिच्यासाठी शब्द कसा टाकू? ती अडचण तिने आधीच दूर केली.

कॉलेजची आठवण लिहायलाच हवी का? उगाच भावनिक वाटत नाही का?

लिहावी, पण तिचं काम ओळख पटवणं एवढंच आहे. ओळख पटवणं आता पूर्वीपेक्षा फार गरजेचं झालंय. जुन्या मित्राचा फोटो डीपीला लावून नव्या नंबरवरून पैसे मागण्याचे प्रकार इतके झालेत की अनोळखी नंबरवरून "अरे, मी अमुक" असा मेसेज आला की शहाणा माणूस आधी संशयच घेतो, आणि ते बरोबरच आहे. नाव, कॉलेज, बॅच हे सगळं फेसबुक आणि लिंक्डइनवर कुणालाही सापडतं. खिडकीजवळचं टेबल आणि रीसेट होणारा किट सापडत नाही.

म्हणून आठवण अशी निवडा जी बाहेरच्याला ठाऊक नसेल, पण त्याला चटकन आठवेल. एक वाक्य पुरे. प्रॅक्टिकलची बॅच, होस्टेलच्या खोलीचा मजला, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल कुणाचं उतरवून काढलं, आयव्हीला बस कुठे बंद पडली, असलं काहीतरी. त्याच्या जुन्या प्रेमप्रकरणाची, वायडी झाल्याची किंवा चिडवायच्या नावाची आठवण टाळा. दहा वर्षांनी तो मेसेज त्याची बायकोही वाचू शकते.

नंबर कुणी दिला हे सांगणं याच कारणासाठी महत्त्वाचं. स्नेहलला फोन करून तो खात्री करून घेऊ शकतो. तिला मात्र आधी विचारून ठेवा. शक्यतो तिनेच निखिलला कळवलं तर उत्तम: "वैशालीला तुझा नंबर देतेय, चालेल ना?"

तू म्हणू की तुम्ही?

तेव्हा जे म्हणत होतात तेच. वर्गातल्याला दहा वर्षांनी एकदम "तुम्ही" म्हटलं तर त्याला परकं वाटतं, शिवाय आता काम आहे म्हणून मान देताय असाही वास येतो. तो मोठ्या पदावर असला तरी "तू"च ठेवा. तो कुठे पोचलाय याचं कौतुक करायचं असेल तर ते काम झाल्यानंतर करा, मागणीच्या आधी नको.

अपवाद दोन. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले काही जण वयाने मोठे असायचे आणि वर्गात त्यांना दादा, ताई म्हणायची रीत असायची. तुम्ही म्हणत असाल तर मेसेजमध्येही तसंच म्हणा. आणि ज्याच्याशी तुम्ही कॉलेजात कधी एक शब्दही बोलला नाहीत, त्याला पहिल्या मेसेजमध्ये "तुम्ही" चालेल. तो "अगं तू काय, तुम्ही काय" म्हणेल, मग "तू"वर या.

व्हॉट्सॲपवर लिहू, लिंक्डइनवर की सरळ फोन करू?

फोन नको, निदान पहिल्यांदा तरी नको. फोनवर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. कंपनीचा नियम काय आहे, तो आपल्याला रेफर करू शकतो का, हे त्याला स्वतःलाच बघायचं असतं. लिहिलेला मेसेज तो निवांत वाचू शकतो आणि बघून सांगू शकतो. व्हॉइस नोटही याच कारणासाठी टाळा. ती मीटिंगमध्ये ऐकता येत नाही आणि जॉब आयडी तिच्यातून कॉपी करता येत नाही.

नंबर रीतसर मिळाला असेल तर व्हॉट्सॲप. नसेल तर लिंक्डइन. तिथे कनेक्शनची विनंती पाठवताना जोडायच्या टिपणात मोजकीच अक्षरं मावतात, म्हणून त्यात फक्त ओळख द्या आणि "एका जागेबद्दल विचारायचं होतं" एवढंच लिहा. म्हणजे हेतू लपवला असं होत नाही. विनंती स्वीकारली की पूर्ण मेसेज. पण लिंक्डइन पुष्कळ लोक आठवडे-आठवडे उघडत नाहीत, हे ध्यानात ठेवून तारीख ठरवा.

व्हॉट्सॲपवर संपूर्ण मजकूर एकाच मेसेजमध्ये पाठवा. "हाय", मग "कसा आहेस", मग "बोलायचं होतं" अशी तुकड्या-तुकड्यांची माळ नको. नोटिफिकेशनमध्ये पहिल्या दोनेक ओळीच दिसतात, म्हणून नाव आणि बॅच तिथेच आली पाहिजे. घाईत काही चुकलं तर पाठवल्यापासून 15 मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो. जॉब आयडी तेवढा पाठवताच पुन्हा तपासा.

बॅचच्या ग्रुपवर "कुणी अमुक कंपनीत आहे का?" असं विचारायला हरकत नाही. पण एखाद्याचं नाव घेऊन ग्रुपवर रेफरल मागू नका. चाळीस जणांसमोर त्याला नाही म्हणता येत नाही.

पाठवायच्या आधी त्याच्या प्रोफाइलवर नजर टाका. त्याने कंपनी सोडलेली असते, किंवा तो स्वतःच नोकरी शोधत असल्याचं फोटोवरच्या हिरव्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तसं असेल तर हा मेसेज पाठवू नका.

करिअरमधल्या खंडाबद्दल किती सांगू?

मेसेजमध्ये एक वाक्य: किती वर्षं आणि ढोबळ कारण. आजारपणाचे तपशील, घरातली ओढाताण, कुणी साथ दिली नाही, हे सगळं खरं असलं तरी इथे नको. निखिलला ते फॉर्ममध्ये कुठेही भरायचं नाहीये आणि वाचल्यावर नकार देणं मात्र त्याला जड जातं.

वर्षं लपवू नका. सीव्हीवर 2016 ते 2021 दिसणारच आहे. मेसेजमध्ये "पाच वर्षांचा अनुभव" एवढंच लिहून खंड गाळला, तर सीव्ही उघडल्यावर त्याला चकवल्यासारखं वाटेल. या काळात एखादी परीक्षा दिली असेल, उदाहरणार्थ टेस्टिंगवाल्यांची आयएसटीक्यूबी फाउंडेशन, किंवा सेलेनियमवर छोटा प्रोजेक्ट करून ठेवला असेल, तर ते सीव्हीत खंडाच्याच जागी तारखेसह लिहा.

आई-बाबा कसे आहेत, लग्न झालं का, मुलं किती, हे विचारायचं ना?

पहिल्या मेसेजमध्ये नको. दहा वर्षं हा मोठा काळ असतो. त्याचे वडील गेलेले असू शकतात, आणि "काका कसे आहेत?" हा तुमच्या मायेचा प्रश्न त्याला ऑफिसच्या लिफ्टमध्ये गाठतो. लग्न मोडलेलं असू शकतं, मूल व्हावं म्हणून वर्षानुवर्षं उपचार चालू असू शकतात. "घरी सगळ्यांना नमस्कार" यात हे सगळं सांभाळलं जातं. जे सांगावंसं वाटेल ते तो आपणहून सांगेल.

आणि त्याने सांगितलं की बाबा मागच्या वर्षी गेले, तर त्या उत्तरात कामाचा विषय काढू नका. आधी त्याबद्दल दोन ओळी मनापासून लिहा. काम पुढच्या मेसेजमध्ये, दुसऱ्या दिवशी.

कॉलेजात त्याच्याकडून पैसे उसने घेतले होते, ते द्यायचे राहिले. आता रेफरल कसा मागू?

आधी पैसे द्या. तुम्हाला आठवतंय म्हणजे त्याला तर नक्कीच आठवत असेल. छोटा मेसेज: मेसच्या डिपॉझिटच्या वेळी तू दोन हजार दिले होतेस, ते राहून गेले, कुठे पाठवू? त्याने "जाऊ दे गं" म्हटलं तरी एकदा आग्रह करा. काही आठवडे जाऊ द्या, मग रेफरलचं विचारा. जागा तेवढी थांबणार नसेल तर रेफरल दुसऱ्या कुणाकडे मागा किंवा थेट अर्ज करा. पैसे परत करणं आणि काम सांगणं एकाच मेसेजमध्ये आलं की परतफेडीला लाचेचं रूप येतं.

जुनं भांडण असेल तरीही हाच क्रम. आणि भांडणात चूक तुमची असेल तर माफीच्या मेसेजमध्ये माफीच असू द्या.

निळ्या टिक आल्या, पण उत्तर नाही. पुन्हा मेसेज करू का?

एकदा करा. पाच-सहा दिवसांनी, आणि तुम्ही स्वतःसाठी ठेवलेल्या तारखेच्या एक-दोन दिवस आधी. वैशालीच्या बाबतीत 13 तारीख. आधीच्याच मेसेजला रिप्लाय करून लिहायचं, म्हणजे त्याला वर शोधत जावं लागत नाही:

"निखिल, वरच्या रेफरलबद्दल. 15 ला मी थेट अर्ज करतेय. त्याआधी जमण्यासारखं असेल तर सांग, नाहीतर काहीच हरकत नाही."

त्यानंतर नाही. "बिझी आहेस वाटतं", "मेसेज वाचलास पण उत्तर नाही दिलंस", नुसती प्रश्नचिन्हं, हे अजिबात नको. उत्तर न येण्याची कारणं पुष्कळ असतात. काही कंपन्यांत वरच्या पदावरच्यांना किंवा भरतीशी संबंधित लोकांना रेफरल करता येत नाही, कुठे भरतीच थांबवलेली असते, कुणी स्वतःच नोटिस पीरियडवर असतं आणि ते सांगायचं नसतं. 15 तारखेला अर्ज करून मोकळ्या व्हा.

मेसेज कधी पाठवावा, असंही विचारतात. गणपती आणि दिवाळीचे दिवस सोडा, शुभेच्छांच्या ढिगात तो हरवतो. सोमवारची सकाळही नको. बाकी कधीही.

तो हो म्हणाला. आता काय काय पाठवू?

फॉर्म उघडून तो बसला की त्याला पुन्हा काही विचारावं लागू नये, असं एकाच मेसेजमध्ये: सीव्हीवर आहे तसंच पूर्ण नाव, ईमेल, मोबाइल, शहर, जॉब आयडी आणि त्या जागेची लिंक, एकूण अनुभव, लगेच रुजू होऊ शकता की नाही, आणि सीव्हीची पीडीएफ. फाइलला स्वतःचं नाव द्या. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये "resume_final_new2.pdf" नावाच्या दहा फाइल पडलेल्या असतात. शिवाय दोन-तीन वाक्यांचा परिचय लिहून द्या, तोही त्याच्या बाजूने: "वैशाली माझी इंजिनिअरिंगची वर्गमैत्रीण. पाच वर्षं मॅन्युअल आणि एपीआय टेस्टिंगचा अनुभव, चार वर्षांच्या खंडानंतर परत येत आहे." फॉर्ममध्ये शेऱ्याची जागा असली तर त्याला ते जसंच्या तसं टाकता येतं.

आधार, पॅन, जुन्या पगाराच्या स्लिपा आपणहून पाठवू नका. कंपनीला लागतील तेव्हा त्या तुमच्याकडूनच मागतील. आणि रेफरलसाठी कुणी पैसे मागितले, "प्रोसेसिंग फी" म्हणाले, तर समोर खरा वर्गमित्र नाही असं धरून चाला आणि ओळखीच्या नंबरवर खात्री करा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

त्याने रेफरल टाकला की ईमेल उघडा, स्पॅमचा फोल्डरही बघा. लिंक आली असेल तर त्याच दिवशी अर्ज पुरा करा, कारण ती काही दिवसांनी बंद होऊ शकते. झालं की त्याला कळवा: "लिंक आली, अर्ज भरला, मनापासून थँक्स."

तो नाही म्हणाला तर काय उत्तर द्यायचं?

त्याच दिवशी, दोन वाक्यांत: "बरं झालं स्पष्ट सांगितलंस, मी थेट अर्ज करते. थँक्स निखिल." कारण विचारू नका. "मग दुसऱ्या कुणाला सांगशील का?" असंही लगेच नको. त्याने आपणहून दुसरं नाव सुचवलं तर गोष्ट वेगळी.

रेफरल टाकून महिना झाला, कंपनीकडून काहीच नाही. त्याला विचारू का?

तीन-चार आठवड्यांनी एकदा विचारायला हरकत नाही, पण जे त्याला दिसू शकतं तेच विचारा: "पोर्टलवर माझ्या अर्जाचं स्टेटस काय दिसतंय, सवडीने बघशील का?" अनेक पोर्टलवर रेफर करणाऱ्याला एवढंच दिसतं की अर्ज विचाराधीन आहे की बंद झाला. का बंद झाला, हे त्यालाही कळत नाही, आणि ते शोधून काढायला त्याला एचआरकडे पाठवू नका.

इंटरव्ह्यूला बोलावलं तर त्याला कळवा, निकाल लागला की निकाल कळवा, नकार असला तरीही. हे पुष्कळ जण विसरतात. निखिलने संध्याकाळी घरी जायच्या आधी बसून फॉर्म भरला, आणि पुढे काय झालं ते त्याला कधीच समजत नाही. निवड झाली तर ऑफर लेटर हातात आल्याच्या दिवशी पहिल्या काही मेसेजमध्ये त्याला मेसेज जाऊ द्या. त्याला कंपनीकडून रेफरलचा बोनस मिळणार असेल, तर तो बहुतेकदा नवा माणूस काही महिने टिकल्यावरच मिळतो. तो विषय त्याच्यावर सोडा, तुम्ही काढू नका.